सावित्रीच्या खोऱ्यात : उतार, माती आणि धूप

महाडला उतरलेल्या प्रवाशाला समुद्राची आठवण होण्याचे वरकरणी काहीच कारण नसते, कारण शहराभोवती डोंगरांची रांग उभी असते आणि किनारा कित्येक कोस दूर राहिलेला असतो. तरीही सावित्रीच्या पात्रातून भरतीचे पाणी शहराच्या आसपास येऊन पोचते, आणि पूर्वी याच भरतीच्या आधाराने बाणकोटकडून आलेली गलबते येथे माल उतरवीत, व तोच माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. नाना फडणीस आणि निजाम यांच्यातला १७९६चा तह या गावाच्या नावाने ओळखला जातो, आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला तो दिवस तर देशाच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. त्या स्मृतीसाठी येथे येणाऱ्यांची वर्दळ बारमाही असते. आमच्या येण्याचे प्रयोजन मात्र अगदीच निराळे, आणि ऐकणाऱ्याला काहीसे रुक्ष वाटेल असे होते: सावित्रीच्या पाणलोटातली जमीन कोणत्या कामासाठी किती लायक आहे हे दाखविणारा एक नकाशा आमच्या एका स्नेह्यांनी घरी बसून तयार केला होता, आणि तो प्रत्यक्ष जमिनीशी कितपत जुळतो हे त्यांना पायांनी पडताळून पाहावयाचे होते.

हे स्नेही मृदसर्वेक्षणाच्या नोकरीतून निवृत्त झालेले. नोकरी संपली तरी खुरपे, गिरमिट आणि उतारमापक ही त्रयी त्यांच्या झोळीतून काही सुटली नाही. ज्या वर्गीकरणावर त्यांचा नकाशा आधारलेला होता, ते मूळचे अमेरिकेतल्या मृदसंधारण खात्याचे. त्याची आजही प्रमाण मानली जाणारी मांडणी क्लिंगबील आणि माँटगोमेरी यांनी १९६१ मध्ये केली, आणि थोड्याफार फेरफाराने ती आपल्याकडच्या सर्वेक्षणांत रुजली. तिच्यात जमिनीचे आठ वर्ग असतात. पहिल्या चारांत नांगर चालवावा, आणि वर्ग जसजसा खाली उतरेल तसतशी काळजी वाढवावी. पाचव्यापासून सातव्यापर्यंतच्या जमिनीत नांगर न घालता गवत, झाडे वा गुरे यांचा विचार करावा. आठवा वर्ग कडेकपाऱ्यांचा, तेथे माणसाने हात न लावणेच बरे. कोणती जमीन कोणत्या वर्गात पडते हे ठरविण्यासाठी एरवी पुष्कळ गोष्टी पाहाव्या लागतात. पण पाणलोटाच्या कामात बहुधा तीनच निवडल्या जातात, त्या म्हणजे उतार, मातीची खोली आणि धूप. प्रत्येकीचा स्वतंत्र नकाशा करावयाचा आणि ते तिन्ही एकावर एक ठेवून वाचावयाचे. पूर्वी हे काम पारदर्शक कागदांवर, खालून दिवा लावलेल्या काचेच्या मेजावर चाले. आता संगणकात चालते. परंतु एका बिंदूवर तीन थरांनी दिलेली तीन उत्तरे एकत्र वाचावयाची, हे मूळ तत्त्व तेच राहिले आहे.

महाडच्या सखल भागात, सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाजवळच्या शेतांत आम्ही पहिल्यांदा थांबलो, तेव्हा नकाशाने तेथे सर्वत्र पहिला आणि दुसरा वर्ग दाखविला होता. त्यात नकाशाचा दोष काढावयाचा कसा? उतार शेकड्याला एकाहून कमी, गिरमिट हातभराहून खोल गेले तरी खडकाचा आवाज नाही, आणि धूप म्हणावी तर शून्य, कारण ही जमीन माती गमावणारी नसून वरून आलेली माती झेलणारी आहे. तीनही थरांनी एकमुखाने दिलेला हा कौल ऐकून आमचे स्नेही मात्र मान हलवीत होते. या शेतांवरून २२ जुलै २०२१ रोजी आणि त्यानंतरच्या रात्री काय वाहून गेले हे महाडकरांना सांगावे लागत नाही. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या खोऱ्याचे पाणी जेव्हा एकाच वेळी खाली येते आणि त्याच वेळी भरती पात्राचे तोंड अडवून उभी असते, तेव्हा ते पाणी शेतांत आणि घरांत पसरण्यावाचून दुसरी वाट राहत नाही. मूळ वर्गीकरणात याची तरतूद आहे. वर्गाच्या आकड्यापुढे त्याचे कारण सांगणारा एक उपवर्ग लिहावयाचा असतो, आणि धूप, पाणी, माती व हवामान अशी त्याची चार नावे आहेत. परंतु ज्या पाणलोटाचा नकाशा केवळ उतार, खोली आणि धूप यांवरून काढलेला असतो, त्यात ‘पाणी’ या उपवर्गाला बोलण्याची सोयच ठेवलेली नसते. तेव्हा सपाट, खोल आणि न धुपणारी जमीन दिसली की तेथे पहिला वर्ग लिहून मोकळे होण्यापूर्वी ती कोणत्या पाण्याच्या वाटेत पडली आहे हे विचारणे आवश्यक आहे. स्नेह्यांनी त्या भागावर पेन्सिलीने तिसरा वर्ग व ‘पाणी’ हा उपवर्ग लिहिला, आणि आम्ही पोलादपूरच्या रस्त्याला लागलो.

हा रस्ता सावित्रीच्या काठाने आत शिरतो. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येऊ लागतात, आणि सपाट शेतांची जागा पायऱ्यापायऱ्यांची खाचरे घेऊ लागतात. वाटेत माझ्या मनात सारखा येणारा विचार असा होता की, जमिनीची प्रत लावण्याचा हा उद्योग या प्रांताला काही नवा नाही. हा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे, आणि मुंबई इलाख्यात गेल्या शतकापूर्वी पैमाश व जमाबंदीचे जे मोठे काम झाले, त्याचे नियम गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या अधिकाऱ्यांनी १८४७ मध्ये एकत्रित करून मांडले. त्या नियमांत देशावरच्या जिराईत जमिनीची प्रतबंदी करताना सर्वप्रथम पाहावयाची ती मातीची खोली, आणि ती मोजावयाची हातांनी. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात खोल असली की ती सोळा आण्यांची. खोली पाव-पाव हाताने उतरली की आणेही उतरत. आणि जेथे पाव हातच माती उरे तेथे ती साडेचार आण्यांवर येई. पावणेदोन हात म्हणजे जवळजवळ ऐंशी सेंटिमीटर. आजच्या सर्वेक्षणात नव्वद सेंटिमीटरच्या पुढची माती ‘फार खोल’ समजली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे पैमाशीच्या कारकुनांचा हात आणि आजच्या तज्ज्ञांची पट्टी यांत फारसे अंतर नव्हते असे दिसून येते.

परंतु दोहोंच्या हिशेबात एक मूलभूत फरक आहे, आणि तो या सबंध प्रवासात मला सतत उपयोगी पडला. पैमाशीच्या पद्धतीत खोलीवरून प्रत ठरली की मग दोष पाहावयाचे: जमीन उताराची आहे काय, वाळू मिसळलेली आहे काय, वाहत्या पाण्याखाली धुपण्याजोगी आहे काय, खालून पाझर फुटून ती चिबड होते काय, आणि प्रत्येक दोषाबद्दल एकेक खूण करून प्रत एकेक पायरीने खाली उतरवावयाची, दोष मोठा असेल तर दोन खुणा करावयाच्या. म्हणजे हा वजाबाकीचा हिशेब होता, आणि त्याचा हेतू सारा आकारण्याचा असल्यामुळे तो योग्यही होता, कारण खोल मातीच्या जोरावर थोडा उतार कास्तकाराला सोसता येतो आणि त्या प्रमाणात सारा भरता येतो. भूक्षमतेचे आधुनिक वर्गीकरण मात्र वजाबाकी करीत नाही व सरासरीही काढीत नाही. ते सर्वांत वाईट उत्तर स्वीकारते. तीन थरांपैकी दोघांनी पहिला वर्ग दिला आणि तिसऱ्याने सहावा दिला, तर जमीन सहाव्या वर्गाची. कारण येथे प्रश्न उत्पन्नाचा नसून नांगर लागल्यावर ती जमीन जागेवर राहील की नाही हा असतो. आणि उतारावरून वाहून जाणाऱ्या मातीला ती मुळात किती खोल होती याच्याशी काही कर्तव्य नसते, फक्त ती संपावयाला थोडा अधिक काळ लागतो इतकेच.

पोलादपूर हे कवींद्र परमानंदांच्या समाधीचे गाव. ‘शिवभारत’कार येथे विसावले आहेत हे बाहेरगावच्या किती जणांना ठाऊक असेल याची मला शंकाच आहे. तेथून आम्ही तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठकडे वळलो, आणि येथून पुढे नकाशा व जमीन यांच्यातला वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांत एक या प्रमाणाच्या पटावर समोच्च रेषा वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात, आणि पटावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. म्हणून दोन रेषांमध्ये चार मिलिमीटर जागा असली तर दोनशे मीटर चालून वीस मीटर चढावे लागते, म्हणजे उतार शेकडा दहा. दोन मिलिमीटर असली तर शेकडा वीस. आणि रेषा मिलिमीटरभरच दूर असल्या तर शेकडा चाळीस. हा हिशेब कोणासही बोटांवर करता येतो, आणि संगणक उंचीच्या आकड्यांवरून नेमके हेच करतो. आमच्या स्नेह्यांच्या तक्त्यात शेकडा एकपर्यंतचा उतार पहिल्या वर्गाचा, तीनपर्यंतचा दुसऱ्याचा, पाचपर्यंतचा तिसऱ्याचा, पंधरापर्यंतचा चौथ्याचा, पंचवीसपर्यंतचा सहाव्याचा, पन्नासपर्यंतचा सातव्याचा, आणि त्यापुढचा सारा आठव्याचा होता. पाचवा वर्ग उताराच्या हिशेबात येतच नाही. तो सपाट असूनही चिबड वा खडकाळ असलेल्या जमिनीसाठी राखलेला असतो. हे आकडे सर्वेक्षकागणिक थोडे बदलतात, ही गोष्ट वाचकाने विसरू नये.

उमरठच्या वाटेवर एका वाडीखालच्या उतारावर समोच्च रेषांमधले अंतर सुमारे चार मिलिमीटर होते. नकाशाने तेथे चौथा वर्ग दिला होता, आणि कारण म्हणून धुपेचा उपवर्ग जोडला होता. प्रत्यक्षात तेथे भाताची खाचरे एकाखाली एक उतरत गेलेली होती, आणि प्रत्येक खाचराचा तळ इतका सपाट होता की उतारमापकाचा काटा हलेना. शेकडा दहाच्या उतारावर आठ मीटर रुंदीचे खाचर करावयाचे असेल तर त्याच्या खालच्या बाजूस सुमारे ऐंशी सेंटिमीटरचा बांध घालावा लागतो, आणि तेथे दगडी बांध तेवढ्याच उंचीचे होते. गिरमिट बांधाजवळ साठ सेंटिमीटर गेले. डोंगराच्या बाजूस मात्र वीतभरच गेले आणि मुरमावर टेकले. हा फरक निसर्गाचा नव्हे. वरच्या अंगाची माती कोरून खालच्या अंगाला भरावी, तेव्हा खाचर सपाट होते. म्हणजे या शेतांत मातीची खोलीसुद्धा माणसाच्या हातांनी घडविलेली होती. येथे उतार पहिल्या वर्गाचा, धूप पहिल्या वर्गाची, आणि खोली सरासरीने दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाची. वीस मीटरच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषेला ऐंशी सेंटिमीटरचा बांध दिसणे शक्यच नसते, आणि तीस मीटरच्या चौकटींत उंची मोजणाऱ्या उपग्रहालाही तो दिसत नाही. दोघांनाही त्या पायऱ्यांचा एकच सलग उतार दिसतो.

बांधाशी काम करणाऱ्या एका वृद्ध कास्तकाराला आमच्या स्नेह्यांनी नकाशा दाखविला तेव्हा त्याने तो उलटा धरला, सुलटा केला, आणि मग शांतपणे परत दिला. ‘‘डोंगराचा उतार कशाला बघता, साहेब? बांध बघा. बांध हाय तवर शेत हाय.’’ त्याचा धाकटा भाऊ आणि दोन्ही मुले मुंबईस असल्याचे त्याने पुढे सांगितले, आणि वरच्या अंगाची जी चार-पाच खाचरे पडीक दिसत होती ती त्या भावाचीच होती. या तालुक्यांतून मुंबईस जाण्याची रीत पिढ्यांची आहे. गिरण्यांनी ती वाढविली, आणि गिरण्या गेल्यावरही ती थांबली नाही. पडीक खाचरांत एका जागी बांधाचे तोंड फुटून पाण्याने ओघळ पाडला होता, आणि तो ओघळ खालच्या दोन बांधांतूनही पार गेला होता. मूळ वर्गीकरण जमिनीचा वर्ग ठरविताना असलेल्या कायमच्या सुधारणा जमेस धरावयास सांगते, परंतु त्या टिकविल्या जातील हे गृहीत धरून. म्हणून स्नेह्यांनी नांदत्या खाचरांवर दुसरा वर्ग लिहिला आणि फुटलेल्यांवर चौथाच ठेवला, जरी दोहोंमध्ये फक्त एका बांधाचे अंतर होते.

खाचरे संपली की वरकस जमीन लागते. कोकणातल्या शेतीचा हा दुसरा अर्धा भाग, जो बाहेरच्या माणसास फारसा दिसत नाही. येथे पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग तीळ किंवा हरीक अशी पिके घेऊन जमीन काही वर्षे विसाव्यास टाकण्याची रीत आहे, आणि खालच्या भाताच्या रोपवाटिकेत राब भाजण्यासाठी लागणारा पाला, फांद्या आणि गवत याच उतारांवरून येते. ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या फांद्या तोडून राब करण्याच्या या रिवाजावरून सरकारचे वनखाते आणि रयत यांच्यात असा तंटा माजला की मुंबई सरकारला त्याच्या चौकशीसाठी एक आयोग नेमावा लागला, आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. फांद्या छाटलेल्या झाडांची ती बुटकी, गाठाळ आकृती आजही काही उतारांवर दिसते.

अशाच एका वरकस उतारावरचा बिंदू आम्ही सविस्तर तपासला, आणि तो येथे मांडतो, कारण तीन थर एकत्र करताना जे काही बिघडू शकते ते सारे त्या एका बिंदूत सापडले. समोच्च रेषांमधले अंतर दोन मिलिमीटर, म्हणजे उतार शेकडा वीस, आणि उतारमापकानेही त्याला दुजोरा दिला: सहावा वर्ग. खड्डा खणला तेव्हा मुरूम लागेपर्यंत तीस सेंटिमीटर माती: तिसरा वर्ग. धूप मध्यम, पृष्ठभागावर बारीक खडे वर आलेले पण ओघळ नाहीत: फार तर तिसरा वर्ग. सर्वांत वाईट उत्तर घ्यावयाचे, तेव्हा हा बिंदू सहाव्या वर्गाचा. नांगर नको, झाडे व गवत असावे. पण याच तीन थरांना प्रत्येकी सारखे वजन देऊन त्यांची सरासरी काढली, जशी ती संगणकाच्या सोयीस्कर पद्धतींमुळे हल्ली सर्रास काढली जाते, तर सहा, तीन आणि तीन यांची सरासरी चार येते, आणि चौथ्या वर्गात नांगराला परवानगी असते. एका भागाकाराने शेकडा वीसचा उतार शेतजमीन होऊन बसतो. वर्गांचे आकडे हे क्रम सांगणारे असतात, माप सांगणारे नव्हेत. त्यांची बेरीज करणे म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या दोघांची भेट तिसऱ्या मजल्यावर होईल असे धरून चालण्यासारखे आहे.

दुसरी चूक याहून साधी व याहून अधिक आढळणारी. उतार दोन मापांत सांगता येतो, शेकडेवारीत आणि अंशांत. आणि शेकडा वीसचा उतार अंशांत मोजला तर सव्वा अकराच्या आसपास येतो. तक्ता शेकडेवारीचा, आणि संगणकाने दिलेला उताराचा थर अंशांत, असे झाले की आमचा हाच बिंदू अकराच्या आकड्याने चौथ्या वर्गात जाऊन बसतो. ही चूक ओळखावयाची खूण स्नेह्यांनी मला सांगितली ती अशी: पंचेचाळीस अंश म्हणजे शेकडा शंभर. सह्याद्रीचे कडे असलेल्या पाणलोटात उताराच्या थरातला सर्वांत मोठा आकडा ऐंशीच्याही पुढे जात नसेल, तर तो थर अंशांतला आहे असा संशय धरावा. शेकडेवारीत असता तर कड्यांनी शंभराचा आकडा सहज ओलांडला असता.

तिसरी गोष्ट चुकीची नव्हे, पण नाजूक आहे. मातीची खोली कोठपर्यंत मोजावयाची? त्या खड्ड्यात तीस सेंटिमीटरवर मुरूम लागला हे खरे, पण तो मुरूम खुरप्याने सुटत होता, आणि त्याच्या फटींतून शेजारच्या आंब्याच्या मुळ्या खाली उतरल्याचे स्पष्ट दिसत होते. नाचणीच्या दृष्टीने माती तीस सेंटिमीटरच होती. आंब्याच्या वा काजूच्या दृष्टीने ती बरीच अधिक खोल होती. १९९० मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा कोकणातल्या असंख्य वरकस उतारांवर खड्डे खणून आंबा, काजू लावले गेले, आणि त्यांतले पुष्कळ जगले, याचे रहस्य या मुरमात आहे. जेथे खड्ड्याखाली सलग कातळ लागला तेथे ते वाळले. खोलीचा थर या दोहोंना एकाच रंगात रंगवितो. त्यातून तो थर बहुधा ज्या मृदनकाशावरून घेतला जातो त्याचे प्रमाण अडीच लाखांत एक असते. त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची सीमारेषाच जमिनीवर सव्वाशे मीटर रुंद होते, म्हणजे येथल्या एखाद्या वाडीखालची सगळी खाचरे त्या एका रेषेच्या शाईखाली झाकली जातात. अशा थरावर तीस मीटरच्या चौकटींचा उतार ठेवला की नकाशा अतिशय बारकाव्याचा दिसू लागतो, आणि तो बारकावा केवळ उताराचा असतो.

धुपेचा थर हा तिघांत सर्वांत कठीण. जी माती गेली ती मोजावयाची कशी? पाव भाग गेली असेल तर सौम्य, पाऊण भागापर्यंत गेली असेल तर मध्यम, आणि त्याहून अधिक गेली असेल तर तीव्र धूप, असा एक जुना ठोकताळा आहे. पण तो लावावयास मूळची माती किती होती हे कळावयास हवे. हे कळण्याची सोय या प्रांतात आहे, आणि ती पाहून मला विशेष आश्चर्य वाटले. गावाच्या कडेला, बहुधा त्याच उतारावर, देवराई असते. देवाच्या भीतीने तेथे कोयता चाललेला नसतो. स्नेह्यांनी देवराईच्या बाहेरच्या कडेवर, मानकऱ्यांना विचारून, एक लहानसा छेद घेतला, तेव्हा पालापाचोळ्याखाली काळसर, भुसभुशीत मातीचा जो वरचा थर वीतभर जाडीचा दिसला, तो शंभर पावलांवरच्या वरकसात चार बोटे उरला होता. म्हणजे निम्म्याहून अधिक गेला होता, धूप मध्यम. अशी कसोटी न लावता काही जण धूप सूत्राने काढतात, आणि त्या सूत्रात उतार हा एक गुणक असतो. मग तो थर उताराच्या थरावर ठेवला की एकच साक्षीदार दोन वेळा साक्ष देऊन जातो. सर्वांत वाईट उत्तर घेण्याच्या पद्धतीत त्याने फारसे बिघडत नाही. सरासरीच्या पद्धतीत मात्र बिघडते.

या उतारांविषयी बोलताना तळियेचा उल्लेख टाळता येत नाही. महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर २२ जुलै २०२१ रोजी डोंगर खाली आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखर येथे दरडींनी बळी घेतले, आणि त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी तेच सोसले होते. भूक्षमतेच्या नकाशात हा धोका वाचता येईल असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. क्षमतेच्या हिशेबात खोल माती हा गुण आहे, तो वर्ग वर नेतो. दरडीच्या हिशेबात तीव्र उतारावरची खोल, पाणी पिऊन जड झालेली माती हीच घसरणारी वस्तू असते. कातळ उघडा असलेला आठव्या वर्गाचा कडा शतकानुशतके उभा राहतो, आणि त्याच्या पायथ्याशी साचलेल्या मातीचा सहाव्या-सातव्या वर्गाचा उतार एका रात्रीत सुटतो. एकाच थराचा अर्थ दोन प्रश्नांसाठी नेमका उलटा होतो, म्हणून वाडी कोठे बसवावी हे या नकाशास विचारू नये.

शेवटचा टप्पा आंबेनळी घाटाचा. रस्ता प्रतापगडाच्या बाजूने वळणे घेत चढतो, आणि चढताना खोऱ्याचे वर्ग जणू उलट्या क्रमाने समोर मांडले जातात: खाली नदीलगतची खाचरे, त्यांवर वरकस, त्यावर रान, आणि मग काळ्या कातळाच्या एकावर एक भिंती, जेथे नकाशाने बिनचूक आठवा वर्ग दिला होता. बिनचूक म्हटले तरी एक नोंद करावीशी वाटते: तीस मीटरच्या चौकटीत कड्याचा उभा तुटलेला भाग आणि त्याखालची पायरी यांची सरासरी होते, त्यामुळे कडे नकाशावर प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतात, आणि अरुंद सपाट पट्टे, जेथे धनगरांची एखादी वस्ती व तिची दोन-चार वावरे असतात, ती आठव्या वर्गात बुडून जातात.

माथ्यावर पोचलो की लाल जांभ्याचे पठार लागते. सावित्री येथेच, क्षेत्र महाबळेश्वरच्या परिसरात उगम पावते. तिच्या शेजारी उगवलेली कृष्णा पूर्वेकडे वळते आणि ही पश्चिमेच्या कड्यावरून खाली जाते, त्यामुळे आमच्या पाणलोटाची हद्द या पठारावरून काढावी लागली होती. पठाराच्या कडेवर एका जागी उतार शेकडा दोन होता, म्हणजे दुसरा वर्ग. धुपेच्या थराने तेथे पहिला वर्ग दिला होता, आणि त्यावर आम्ही थोडा वेळ थबकलो, कारण तो थर खोटे बोलत नव्हता: पृष्ठभागावर ओघळ नव्हते, उघडी पडलेली मुळे नव्हती, वाहून जाताना दिसेल अशी माती नव्हती. गिरमिट चार बोटांवर जांभ्यावर आदळले, आणि पुढच्या पावलावर दोन बोटांवर. साडेसात सेंटिमीटरच्या आतली खोली, सातवा वर्ग. येथे उताराने व धुपेने मिळून चांगला कौल दिलेला असताना खोलीने एकटीने तो फिरविला होता, म्हणजे महाडच्या शेतांत जे एकाही थराला सांगता आले नव्हते ते येथे एका थराने तरी सांगितले होते.

स्नेह्यांनी त्या जागी सातवा वर्ग लिहिला आणि उपवर्ग ‘धूप’ असा छापलेला खोडून ‘माती’ असा केला. एका शब्दाच्या या बदलाचा परिणाम पुढे कामांच्या अंदाजपत्रकात दिसतो. उपवर्ग धुपेचा असेल तर समतल चर, दगडी ताली, ओघळीतले बांध यांवर पैसा खर्च करण्यास आधार मिळतो. मातीचा असेल तर ते चर कातळात खणावे लागतात आणि पहिल्या पावसातच ते भरून वाहू लागतात. त्या पठारासाठी त्यांनी समासात केवळ गवत राखावे, गुरे पावसाळ्यात चढू देऊ नयेत, एवढेच लिहिले. आणि चर व बांधांचा खर्च उमरठच्या वरच्या अंगाच्या त्या फुटलेल्या खाचरांकडे वळवावा, अशी खूण पेन्सिलीने तेथपर्यंत बाण काढून केली.